दोन सुलट, दोन उलट

नांदेडहून लातूरकडे जाणारा मोठा रस्ता लोहा गांवावरून जातो. भोंवतालीं काळी जमीन, तींत सोयाबीन, कापूस आणि तूर. उन्हाळा असा कीं मे महिन्यांत पारा ४२ अंशांपर्यंत चढावा. आणि हिंवाळा असा कीं एक घोंगडें अंगावर ओढलें म्हणजे पहांटेची थंडीहि विसरावी. अशा गांवीं लोकरीचें विणकाम सहसा तान्ह्या बाळाच्या टोपऱ्यापलीकडे जात नाहीं. तरी तेथील एका घरांत २०२३ सालच्या दसऱ्यापासून दोन महिने एक पुरा स्वेटर विणला जात होता. विणणारी आजी ७४ वर्षांची होती. ज्याच्यासाठीं तो विणला जात होता, तो तिचा नातू ऑगस्ट महिन्यांत शिक्षणासाठीं कॅनडांतील विनिपेग शहरीं गेला होता. त्या शहरीं जानेवारींत रात्रीं पारा शून्याच्या खालीं २० अंशांवर जाणें हें नेहमींचेंच. ३० अंशांवर गेला तरी तेथील लोकांस त्याचें नवल वाटत नाहीं.

नातू जातांना घरून एक जाड कोट घेऊन गेला होता. परंतु कोट म्हणजे विकतचा. घरचें असें कांहीं त्याच्या अंगावर असावें, असें आजीच्या मनानें घेतलें. विणकाम ती लहानपणीं मुलींच्या शाळेंत शिकली होती आणि हात अजून चालत होता. प्रश्न होता तो लोकरीचा.

घरांत माळेगांवच्या खंडोबाच्या जत्रेंतून आणलेलें एक जुनें घोंगडें होतें. आपल्याकडच्या मेंढ्यांची लोकर, धनगरांनीं कांतलेली, ताण्याला चिंचोक्याची खळ देऊन विणलेली; पावसांत घेतलें तरी पाणी लवकर आंत येऊं न देणारें. अशीच लोकर मिळाली तर काय हरकत आहे, असें आजीला प्रथम वाटलें. तिनें घोंगड्याचें टोंक घेऊन तें कानाखालीं, मानेच्या कोंवळ्या कातडीला लावलें आणि थोडा वेळ तसेंच धरून ठेवलें. लगेच टोंचूं लागलें. तळहाताला लोकरीची पारख होत नाहीं, कारण तळहाताची कातडी राबून जाड झालेली असते. ती मानेलाच होते. दख्खनी मेंढीचा केस जाड असतो आणि जाड केसाचें टोंक वांकत नाहीं, तें कातडींत रुतून बसतें. मेरिनो जातीच्या मेंढीचा तंतु त्याच्या सुमारें निम्म्यानें बारीक. त्याचें टोंक कातडीला लागतांच वांकतें, म्हणून तो टोंचत नाहीं. घोंगडें पांघरायला उत्तम. परंतु दिवसभर मानेशीं आणि मनगटाशीं घांसणारा स्वेटर त्याचा करितां येत नाहीं.

दसरा झाल्यावर दुसऱ्याच दिवशीं आजी मुलाबरोबर नांदेडला, वजिराबादेंतील एका दुकानीं गेली. दुकानदारानें तऱ्हेतऱ्हेच्या रंगांचे गुंडे पुढें मांडले. रंग झळझळीत, हाताला मऊ, किंमतहि बेताची. आजीनें एक गुंडा उचलून विचारलें, "ही लोकर कशाची?"

"ऊल आहे, आजी. सगळे हेंच नेतात."

"याचा वीतभर धागा द्या, आणि आगपेटी द्या."

दुकानदार हंसला, पण त्यानें दोन्ही दिलीं. धाग्याचें टोंक पेटवितांच तें वितळून आक्रसलें, त्यांतून काळा धूर निघाला आणि थंड झाल्यावर टोंकाशीं एक कठीण मणी राहिला. नखानें तो फुटेना. "हा मेंढीच्या अंगावरचा नव्हे," आजी म्हणाली. "खऱ्या लोकरीला जाळलें तर केस जळाल्याचा वास येतो, ज्योत बाजूला केली कीं ती आपोआप विझते, आणि राख बोटानें चुरडली जाते."

अॅक्रिलिकचा धागा वाईट असतो असें नव्हे. तो यंत्रांत धुतां येतो, त्याला कसर लागत नाहीं, लहान मुलांच्या कपड्यांना तोच सोईचा. परंतु लोकरीचा गुण निराळा. लोकरीचा तंतु जात्याच कुरळा असतो. त्याच्या वळणांत हवा अडकून राहते आणि ती अडकलेली हवाच ऊब देते. शिवाय लोकर अंगावरचा घाम वाफेच्या रूपानें पोटांत घेते आणि तरीहि वरून ओली लागत नाहीं. विनिपेगसारख्या ठिकाणीं हा गुण फार उपयोगी पडतो. कारण तेथें घरें, वर्ग आणि बसगाड्यासुद्धां आंतून तापविलेल्या असतात. माणूस आंत घामेजतो आणि दार उघडून एकदम बर्फांत येतो.

हीच गोष्ट ध्यानांत घेऊन आजीनें आणखी एक निवड केली. दुकानदारानें खरी लोकर काढून दाखविली तेव्हां मुलानें जाड धाग्याच्या गुंड्यावर बोट ठेवलें. इतकी थंडी, तेव्हां जितकी जाड तितकी बरी, असा त्याचा हिशेब. परंतु नातवानें टेलिफोनवर सांगितलें होतें कीं, घरांत तो नुसत्या सदऱ्यावर बसतो आणि बाहेर निघतांना कोट चढवितो. म्हणजे वारा अडविण्याचें काम कोटाचें होतें. स्वेटरानें कोटाच्या आंत मावलें पाहिजे. जाड स्वेटर कोटाच्या बाहींत दाटून बसतो आणि तापलेल्या वर्गांत सहन होत नाहीं. म्हणून आजीनें चारपदरी बारीक धागा घेतला. रंग राखाडी. ५० ग्रॅमांचे दहा गुंडे. प्रत्येक गुंड्याच्या कागदावरील लॉटचा आंकडा सारखाच आहे कीं नाहीं, हें तिनें चष्मा लावून एकेक करून पाहिलें. कारण एकाच रंगाची लोकर दोन घाण्यांत रंगविली तर तिच्यांत छटेचा फरक पडतो, आणि तो दुकानाच्या दिव्याखालीं दिसत नाहीं, अंगावर दिसतो.

घरीं येतांच तिनें १० नंबरच्या सुयांवर हाताएवढा नमुना विणला, कोमट पाण्यांत भिजवून पसरून वाळविला आणि मगच मोजला. इंचाला सात टाके भरले. नातवाची छाती ३८ इंच. त्याचा एक सदरा कपाटांत राहिला होता, त्यावरून तिनें हें माप पक्कें केलें. दोन इंच सैल ठेवून स्वेटराचा घेर ४० इंच. पाठीला त्याचा निम्मा, म्हणजे २० इंच. वीस साते एकशें चाळीस, आणि शिवणींत जाणारे दोन. एकूण १४२ टाके. दिवाळी आली तोंपर्यंत पाठ मुंढ्यापर्यंत पोंचली होती.

दिवाळीला शेजारच्या वकिलांची मुलगी आली. ती नोकरीनिमित्त विनिपेगलाच असते आणि नातवाला तेथें अधूनमधून भेटते. २२ डिसेंबरला ती परत निघणार होती आणि स्वेटर तिच्याबरोबर जायचा होता. आजीनें कौतुकानें विणलेली पाठ तिच्यापुढें पसरली. मुलगी तीवरून हात फिरवीत राहिली. मग म्हणाली, "आजी, सुरेख झाली आहे. पण… जरा सैल नाहीं का होणार?"

"सदऱ्यावरून माप घेतलें आहे."

"एकदां त्यालाच विचारून घ्या," एवढेंच ती म्हणाली आणि विषय बदलला.

त्या रात्रीं आजीनें नातवाला व्हिडिओ कॉल लावून घेतला. त्याचें तोंड तेवढें दिसत होतें. खांद्याखालीं कांहीं दिसूं नये अशा बेतानें त्यानें मोबाईल धरला होता, हें आजीच्या आज ध्यानांत आलें.

"बाळा, छातीचें माप सांग."

"आजी, माप कशाला? तुला माहीत आहे कीं."

"मला सदऱ्याचें माहीत आहे. तुझें सांग."

त्याच्याजवळ टेप नव्हता. त्यानें एक दोरी घेतली, छातीभोंवतीं फिरविली आणि पट्टीवर धरून मोजली. "छत्तीस," तो म्हणाला.

"श्वास भरून धरला आहेस. सोड. हात खालीं सोड, आणि पुन्हां मोज."

कांहीं वेळ तो बोलला नाहीं. मग हळूच म्हणाला, "पस्तीस."

तीन महिन्यांत तीन इंच. आजीनें कां म्हणून विचारलें नाहीं. तिनें बाहीचें माप विचारलें, खांद्याचें विचारलें, तीं पाटीवर लिहून घेतलीं. हाडांचीं मापें तींच होतीं. कमी झालें होतें तें हाडांवरचें. शेवटीं तिनें एवढेंच विचारलें, "रात्रीं काय जेवतोस?" तेव्हां हळूहळू सर्व बाहेर आलें. त्या ऑगस्टांत पावसानें मोठी उघडीप दिली होती आणि घरचें सोयाबीन शेंगा भरण्याच्या वेळीं वाळलें होतें. हें त्याला मित्राकडून कळलें होतें. घरून कोणी कळविलें नव्हतें. म्हणून त्यानें बापाकडून पैसे मागणें बंद केलें होतें. संध्याकाळीं तो एका दुकानांत काम करी आणि रात्रीं बहुधा पाव खाऊन निजे. "बाबांना सांगूं नकोस," तो म्हणाला.

आजीनें तसें वचन दिलें नाहीं. दुसऱ्या दिवशीं सकाळीं तिनें मुलाला पाटी दाखविली. "हा ऑगस्टांतला आंकडा, हा कालचा," एवढेंच ती म्हणाली. मुलानें दोन्ही आंकडे पाहिले आणि तो बराच वेळ ओसरीवर बसून राहिला. बापानें नुकसान लपविलें होतें आणि लेकानें भूक. त्या दिवशीं दुपारीं बापानें लेकाला टेलिफोन केला. तें बोलणें लांबलें, आणि त्यांत प्रथमच पिकाचा, कर्जाचा आणि जेवणाचा हिशेब दोघांनीं एकमेकांना खरा सांगितला.

आतां स्वेटराचें काय करावें? ४० इंचांचा स्वेटर ३५ इंचांच्या अंगावर लोंबला असता. सैल लोकरींत अडकलेली हवा टिकत नाहीं, हालचालीबरोबर ती खालून निसटते. शिवाय कोटाच्या आंत त्याच्या चुण्या पडतात. उलट ३७ इंचांचा विणावा, तर त्याचा अर्थ असा झाला असता कीं, नातू असाच राहणार. शिवलेल्या कपड्याची शिवण उसवून तो सैल करितां येतो, पण विणलेल्याच्या शिवणींत टाक्याएवढेंच कापड असतें. तें सोडून कांहीं मिळत नाहीं. आजी दोन दिवस सुयांना हात न लावतां बसली. तिसऱ्या दिवशीं तिनें दुसरा नमुना विणावयास घेतला: दोन टाके सुलट, दोन उलट.

स्वेटराच्या खालच्या कांठाला आणि मनगटाला जी उभ्या खांचांची वीण असते, ती हीच. सुलट टाके पुढें येतात, उलट टाके मागें सरतात, आणि कापड पंख्याच्या घडीसारखें मिटून बसतें. ओढलें कीं उलगडतें, सोडलें कीं पुन्हां मिटतें. आजीनें ४० टाक्यांचा नमुना धुऊन वाळवून मोजला. मिटलेला असतांना तो चार इंच भरला. अलगद ताणला तेव्हां साडेपांच. म्हणजे याच विणीचा सबंध स्वेटर केला, तर तो आज ३५ इंचांच्या अंगाला लागून बसेल, आणि उद्यां तेंच अंग ३८ इंचांचें झालें तरी खुशाल मोकळा होईल. मिटलेल्या स्थितींत इंचाला दहा टाके. पाठीला १७ इंच, म्हणजे १७० टाके. चाराच्या पाढ्यांत १६८ येतात आणि वर दोन उरतात. ते मुद्दाम हवेच होते. त्यामुळें ओळ दोन सुलटांनीं सुरू होऊन दोन सुलटांनींच संपते, शिवणींत दोन्हीकडचा एकेक टाका जातो, आणि जोडावर बरोबर दोन सुलट राहतात. शिवण कोठें आहे हें कळत नाहीं.

विणलेली पाठ उसवावी लागली. उसवलेली लोकर शेवयांसारखी वांकडीतिकडी असते. तशीच विणली तर टाके लहानमोठे पडतात. आजीनें खुर्चीच्या पाठीवर तिची लडी घातली, चार ठिकाणीं सैल बांधली, कोमट पाण्यांत भिजवून सावलींत टांगली आणि खालीं एक तांब्या अडकविला. वाळली तेव्हां ती नव्यासारखी सरळ झाली होती.

दुसरी अडचण अशी कीं, १४२ टाक्यांच्या जागीं १७० टाके म्हणजे लोकर पांचव्या हिश्शानें अधिक लागणार. दहा गुंडे पुरणार नव्हते, बारा हवे होते. मुलानें नांदेडहून दोन आणले, पण लॉटचा आंकडा निराळा होता. दिवसाच्या उजेडांत नवी लोकर किंचित् काळसर दिसे. जुनी संपल्यावर नवी लावली असती, तर एक बाही निराळ्या रंगाची झाली असती. म्हणून आजीनें जुनी संपण्याची वाट पाहिली नाहीं. दोन्ही बाह्या तिनें सुरुवातीपासून दोन ओळी जुन्या आणि दोन ओळी नव्या अशा विणल्या. फरक दोन्ही बाह्यांत सारखा वांटला गेला आणि डोळ्याला कांहीं दिसेनासें झालें.

हातांत ३५ दिवस होते. पाठ, पोट आणि दोन बाह्या मिळून टाके सुमारें एक लाख. म्हणजे दिवसाला जवळजवळ तीन हजार. सकाळीं उन्हांत, ओसरीवर बसून ती विणी. रात्रीं राखाडी लोकरींतला चुकलेला टाका तिच्या डोळ्यांना दिसत नसे. या विणींत चुकलेला टाका ओळखण्याची एक खूण आहे. खांच सरळ वर न जातां एका ठिकाणीं तुटलेली दिसते. म्हणून दर दहा ओळींनंतर ती काम दूर धरून उभ्या रेषा पाही. एकदां चार बोटें खालीं एक उलट टाका सुलट पडलेला सांपडला. तिनें सर्व उसवलें नाहीं. तेवढा एकच टाका सुईवरून सोडून शिडीसारखा खालपर्यंत उतरविला आणि आंकडीच्या सुईनें पुन्हां वर चढविला. गळ्याची पट्टी बंद करितांना मात्र तिनें ८ नंबरची जाडी सुई घेतली. कारण टाके घट्ट बंद केले तर वीण कितीहि ताणणारी असली तरी डोकें आंत जात नाहीं.

१९ डिसेंबरला स्वेटर धुऊन, चादरीवर सपाट पसरून वाळला. आतां एकच भीति उरली होती, ती धुलाईच्या यंत्राची. लोकरीच्या तंतूवर माशासारखे अगदीं बारीक खवले असतात. ऊन पाणी आणि रगड एकत्र झालीं कीं ते एकमेकांत अडकतात आणि पुन्हां सुटत नाहींत. मोठ्या माणसाचा स्वेटर पांच वर्षांच्या मुलाला येईल एवढा आटतो. कागदावर सूचना लिहिली तर तरुण मुलें वाचीत नाहींत, हें आजीला माहीत होतें. तिनें विणीचे दोन सारखे नमुने विणले. एक तसाच ठेवला. दुसरा कढत पाण्यांत साबण लावून चांगला चोळला. तो आटून जाड आणि कडक झाला. टाके दिसेनासे झाले. दोन्ही तिनें स्वेटराबरोबर ठेवले आणि चिठ्ठींत एवढेंच लिहिलें: "पहिला थंड पाण्यांत हातानें धुतला. दुसरा तुझ्या यंत्रांत जाईल तसा धुतला. पिळूं नकोस, टांगूं नकोस, टॉवेलवर पसर."

स्वेटर ठरल्याप्रमाणें गेला आणि पोंचला. नातवानें तो घालून मोबाईल समोरच्या फळीवर ठेवला आणि या वेळीं मागें सरून उभा राहिला. स्वेटर अंगाला नीट बसला होता. सगळे त्याच्या तोंडाकडे पाहत होते. आजी चष्मा पुसून स्वेटराच्या खांचांकडे पाहत होती. त्या अगदीं मिटलेल्या होत्या. सुलट टाक्यांच्या रेघांत उलट टाका एकहि दिसत नव्हता.

पुढें दर रविवारीं बोलणें होई तेव्हां ती म्हणे, "स्वेटर घालून दूर उभा राहा पाहूं." नातवाला वाटे, आजीला आपल्या कामाचें कौतुक. फेब्रुवारींत छातीवरच्या खांचा किंचित् उकलल्या. एप्रिलच्या आरंभीं, तेथील बर्फ वितळूं लागलें तेव्हां, प्रत्येक दोन सुलट रेघांच्या मध्यें उलट टाक्यांची एक बारीक ओळ स्पष्ट दिसूं लागली.

"आजी, जरा घट्ट होतो आहे का ग हा?" त्यानें विचारलें.

"नाहीं," आजी म्हणाली. "आतां बरोबर होतो आहे."